आई-बाबांच्या कंपनी मेडिक्लेमचा प्रीमियम दरवर्षी का उडतोय? आमचा तर एकही क्लेम नाही

मृण्मयी_पुणे
हिंजवडीतल्या एका मध्यम कंपनीत आहे. आमच्याकडे आई-वडिलांसाठी वेगळी ग्रुप पॉलिसी आहे, ५ लाखांचं कव्हर, ज्याला हवी त्याने घ्यायची आणि पैसे पगारातून कापून जातात. आधी कंपनीच सगळ्यांच्या आई-वडिलांचे पैसे भरायची, तीन वर्षांपूर्वी ते बंद करून ऐच्छिक केलं. वय काहीही असो, जोडप्याला एकच रेट. पहिल्या वर्षी २६,५००, मग ३४,९००, मग ४७,०००, आणि आता पुढच्या वर्षाचा मेल आलाय त्यात ५८,०००!!

बाबा ६६, बीपीची एक गोळी, रोज तळजाईला चालायला जातात. आई ६१. तीन वर्षांत एक रुपयाचा क्लेम नाही. एचआरला विचारलं तर म्हणाले "क्लेम रेशो खराब आहे, इन्शुरन्स कंपनी ऐकत नाही". अरे पण आमचा रेशो तर शून्य आहे ना. टीममधले निम्मे लोक आधीच बाहेर पडलेत. मीही पडू का? आणि मुळात हे असं का होतंय ते कुणी नीट समजावेल का, कारण मला खरंच राग आलाय.

सदानंद_जोशी
सरळ आहे ताई, हॉस्पिटलं. इन्शुरन्स आहे म्हटलं की बिल फुगवतात, रूम रेंट, कन्झ्युमेबल्स, दहा टेस्ट. माझ्या आईचं (वय ७८) मोतीबिंदूचं कोटेशन कॅशलेस म्हटल्यावर वेगळं आणि रोख म्हटल्यावर वेगळं. उपचार दरवर्षी महाग होतायत, त्यामुळे प्रीमियम वाढणारच. यात दुसरं काही गूढ नाही.

गौरी_ठाणे
मलाही हेच विचारायचं होतं. माझ्या सासऱ्यांना शुगर आहे १२ वर्षं, वय ६९, त्यांना कुठली पॉलिसी मिळेल? ६५ नंतर देत नाहीत म्हणतात ना?

आकडेमोड
गौरीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण थोडक्यात सांगतो. ६५ ची अट एप्रिल २०२४ पासून राहिलेली नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकतात, पूर्वी ती मर्यादा चार होती. पण साखर लपवू नका, फॉर्मवर स्पष्ट लिहा. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, नाहीतर मृण्मयीचा प्रश्न बाजूला पडेल.

मृण्मयी, मी १४ वर्षं ग्रुप हेल्थ पॉलिसींचे रेट काढायचं काम करतोय. सदानंदरावांचं म्हणणं खोटं नाही, उपचार महाग होतातच. पण २६ चे ५८ हजार तीन वर्षांत नुसत्या महागाईने होत नाहीत. तुमच्याकडे लोक गळतायत, आणि कोण गळतायत ते महत्त्वाचं आहे. एक उदाहरण घेतो, आकडे सोपे ठेवलेत.

समजा ५०० जोडपी आहेत, शंभर-शंभरचे पाच गट. वर्षाचा सरासरी दवाखान्याचा खर्च असा:
क गट ८,०००
ख गट १६,०००
ग गट २४,०००
घ गट ४०,०००
च गट ७२,०००

सगळे असले तर सरासरी ३२,०००. इन्शुरन्स कंपनीचा नफा, ऑफिसचा खर्च काहीच धरू नका, प्रीमियम ३२,००० ठेवला की जेवढे आले तेवढे गेले. आता माणूस इन्शुरन्स अपेक्षित खर्चापेक्षा थोडा जास्त देऊनही घेतो, कारण एकदम मोठं बिल यायची भीती असते. समजा आपल्या खर्चाच्या दीडपट द्यायला तयार आहे. म्हणजे क वाला १२,००० पर्यंत, ख वाला २४,०००, ग वाला ३६,०००, घ वाला ६०,००० आणि च वाला १,०८,०००.

पहिलं वर्ष, ३२,००० चा रेट. क आणि ख म्हणतात परवडत नाही, बाहेर. उरले ३०० आणि त्यांची सरासरी आता ३२ नाही, ४५,३३३. कंपनीने गोळा केले ९६ लाख, दिले १ कोटी ३६ लाख. रेशो १४२ टक्के, तुमचा एचआर म्हणतो तो हाच.

दुसरं वर्ष, कंपनी मागच्या वर्षाचे क्लेम बघून ४५,३३३ करते. आता ग बाहेर. उरले २००, सरासरी ५६,०००. पुन्हा तोटा, रेशो १२४ च्या आसपास.

तिसरं वर्ष ५६,०००. घ वाला ६०,००० पर्यंत तयार होता म्हणून थांबतो, च तर थांबतोच. इथे गाडी उभी राहते.

आता एक गोष्ट बघा. एकूण क्लेम १ कोटी ६० लाख (सगळे असते तर), मग १ कोटी ३६, मग १ कोटी १२. क्लेमची रक्कम उतरत गेली आणि प्रीमियम चढत गेला. कुणी जास्त आजारी पडलं नाही, कुठल्या हॉस्पिटलने बिल वाढवलं नाही, फक्त उरलेल्यांची सरासरी बदलत गेली.

सदानंद_जोशी
पण तुमच्या उदाहरणात महागाई तुम्ही शून्यच धरली, मग दिसणार कशी. खऱ्या आयुष्यात दोन्ही असतं. मी मानतो की लोक गळतात, पण मुख्य कारण बिलंच.

विश्वास_अहिल्यानगर
हे आमच्या धंद्यात रोज बघतो. मी जुन्या गाड्या घेतो-विकतो, छोटं दुकान आहे. गिऱ्हाईकाला गाडीच्या आतलं काय कळणार, तो बाजारातला सरासरी भाव बोलतो. समजा एकाच मॉडेलच्या गाड्या आहेत, काही साडेचार लाखाच्या लायकीच्या आणि काही अडीच लाखाच्या, गिऱ्हाईक म्हणतं साडेतीन. ज्याची गाडी खरंच साडेचारची आहे तो म्हणतो मग मी का विकू, मेहुण्याला देतो नाहीतर वापरतो अजून दोन वर्षं. मग बाजारात उरतं काय तर अडीचवाल्या. दोन-चार जणांना तसली गाडी लागली की पुढचा साडेतीनही बोलत नाही, पावणेतीनवर येतो.

म्हणून मी गाडी आली की आधी टायरची तारीख, दाराच्या रबराखालचं वेल्डिंग, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड बघतो आणि तो कागद गिऱ्हाईकापुढे ठेवतो. मागच्या महिन्यात एक गाडी आली, मीटरवर ४८,००० किलोमीटर पण क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत झिजलेलं आणि स्टिअरिंगचं लेदर चकाकत होतं. सर्व्हिस रेकॉर्ड काढला तर दीड वर्षापूर्वीच ९१,००० ची नोंद. असल्या गाड्यांमुळे चांगली गाडी विकणाऱ्याला भाव मिळत नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आकडेमोड
विश्वासभाऊ अगदी बरोबर पकडलंत. ॲकरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांवरच हे मांडलं आणि २००१ मध्ये त्याला स्पेन्स आणि स्टिग्लिट्झबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फरक एवढाच की गाडीत विकणाऱ्याला जास्त माहीत असतं आणि इन्शुरन्समध्ये घेणाऱ्याला. तुम्ही सर्व्हिस रेकॉर्ड दाखवून ते अंतर कमी करता, आमच्याकडे रिटेल पॉलिसीत मेडिकल टेस्ट घेतात. ग्रुप पॉलिसीत मात्र बहुतेक ठिकाणी टेस्ट नाही, वेटिंग पिरियड नाही, पहिल्या दिवसापासून सगळे जुने आजार कव्हर. ही सवलत परवडते कारण सगळेच आत असतात. ऐच्छिक केलं की तीच सवलत उलटते. बाबांचा गुडघा बदलायचा आहे म्हणून या वर्षी नाव घालायचं, ऑपरेशन झालं की पुढच्या वर्षी काढायचं, असे लोक मी दरवर्षी बघतो. त्यांना दोष देत नाही, नियमच तसा ठेवलाय.

सदानंदराव, दोन्ही असतं हे कबूल. पण कुठलं किती हे ओळखता येतं. जी जोडपी तिन्ही वर्षं आत आहेत फक्त त्यांची दरवर्षीची सरासरी काढायची. ती जेवढी वाढली तेवढी महागाई आणि वाढतं वय. एकूण सरासरी त्यापेक्षा जास्त वाढली असेल तर वरचा भाग गळतीचा. मृण्मयी, एचआरकडे ब्रोकरचा एमआयएस, म्हणजे क्लेमच्या आकड्यांचा अहवाल, असतो, नावं नकोत, फक्त आकडे मागा.

नीलिमा_क
मला एक पटत नाही. माझ्या आईला पुढच्या वर्षी काय होणार हे मला कुठे माहितीये? माझे काका एकदम ठणठणीत, सकाळी पोहून आले आणि दुपारी स्ट्रोक. आपल्याला आपला गट कुठला हे माहीतच नसेल तर हे क ख ग घ सगळं कागदावरच राहतं ना. शिवाय आमच्याकडे इन्शुरन्स सगळ्यात आधी घेते ती माझी आई, जी मीठसुद्धा मोजून खाते. बेफिकीर माणसं पॉलिसी घेतच नाहीत.

आकडेमोड
नीलिमाताई, चांगला मुद्दा आणि अर्धा मी मान्यच करतो. काळजी करणारी, तब्येत सांभाळणारी माणसं जास्त इन्शुरन्स घेतात असंही काही बाजारांत खरंच दिसलंय, तिथे सरासरी बिघडत नाही उलट सुधारते. त्यामुळे हे दर ठिकाणी होतंच असं नाही.

पण गळती सुरू व्हायला प्रत्येकाला आपला गट पक्का माहीत असायची गरज नाही. सोडणारे सरासरीने थोडे निरोगी आणि राहणारे थोडे आजारी, एवढं पुरतं. ज्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे तो ५८,००० लाही सोडणार नाही, हे सांगायला भविष्य बघावं लागत नाही. तुमच्या काकांसारख्या गोष्टींमुळे माझ्या उदाहरणातली स्पष्ट पायरी खऱ्या आकड्यांत धूसर होते, घसरण हळू होते.

केतकी_बॉस्टन
इथलं एक प्रसिद्ध उदाहरण सांगते. हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची पद्धत बदलली. आधी महाग प्लॅन घेतला तर विद्यापीठही जास्त पैसे घालायचं, नंतर कुठलाही प्लॅन घ्या, विद्यापीठाचा वाटा ठरलेला एकच. सगळ्यात उदार प्लॅनचा बराच जादा भार कर्मचाऱ्यावर आला. तरुण आणि कमी खर्चाचे लोक आधी स्वस्त प्लॅनला गेले, उदार प्लॅनचा रेट चढला, मग आणखी गेले, तीन वर्षांत तो प्लॅन बंदच करावा लागला. कटलर आणि रेबर यांनी १९९८ मध्ये यावर लिहिलंय. म्हणजे हुशार लोकांचं विद्यापीठ असूनही.

शेतशिवार_बीड
पीक विम्यात पण हेच. खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यालाही विमा ऐच्छिक केला, त्याआधी बँक परस्पर कापायची. ज्याच्याकडे विहिरीला बारमाही पाणी तो म्हणतो कशाला, कोरडवाहूवाला भरतो. आणि विमा भरायची मुदत जुलै अखेरपर्यंत, तोवर पाऊस कसा आहे हे निम्मं कळलेलं असतं. आमच्याकडे जूनमध्ये ओढ दिली की सीएससी सेंटरवर रांग लागते, चांगला पडला की कोणी नाही.

पण एक सांगतो, नुकसान माझ्या एकट्याच्या शेतावर न धरता मंडळाच्या उंबरठा उत्पादनावर धरतात, त्यामुळे मी माझं खराब शेत तेवढं विम्यात घालून फायदा होत नाही. स्वतःचं शेत बुडूनही मंडळ चांगलं दिसलं म्हणून भरपाई न मिळालेलेही खूप आहेत, ते दुःख वेगळं. २०२३ ला राज्याने १ रुपयात विमा केला तेव्हा सगळेच आले, निवडानिवडीचा प्रश्नच उरला नाही, पण बोगस अर्ज निघाले आणि २०२५ च्या खरिपापासून ते बंद.

मृण्मयी_पुणे
आकडे मिळाले! ब्रोकरच्या बाईंनी चांगली मदत केली.

पहिलं वर्ष ४१० जोडपी, क्लेम १ कोटी २३ लाख
दुसरं २६२ जोडपी, क्लेम १ कोटी ५ लाख
तिसरं १७१ जोडपी, क्लेम ८३ लाख

तिन्ही वर्षं असलेली १६० जोडपी आहेत, त्यांची सरासरी ४४,०००, मग ४७,५००, मग ५०,०००.

मी भागाकार केला तर सगळ्यांची सरासरी ३०,००० वरून ४८,५०० झालीये. आकडेमोड म्हणाले तसंच, एकूण क्लेम तर कमीच होतायत!! आणि आम्ही त्या १६० मध्ये आहोत, म्हणजे माझे आई-बाबा शून्य क्लेम करून ५०,००० च्या सरासरीत बसलेत. हे बघून पोटात गोळाच आला.

आकडेमोड
वा, यापेक्षा स्वच्छ आकडे क्वचित मिळतात.

राहिलेल्या १६० चा खर्च दोन वर्षांत ४४ वरून ५० हजार, म्हणजे साधारण १४ टक्के वाढ. ही सदानंदरावांची महागाई आणि वाढतं वय. एकूण सरासरी मात्र ६२ टक्के वाढली. फरक गळतीचा.

आणखी एक आकडा काढा. पहिल्या वर्षीच्या १ कोटी २३ लाखांतून या १६० चे ७० लाख ४० हजार वजा करा. उरलेल्या २५० जोडप्यांचे ५२ लाख ६० हजार, म्हणजे जोडप्यामागे २१,०००. सोडून गेलेले २१ हजारवाले आणि राहिलेले ४४ हजारवाले.

सदानंद_जोशी
आकडे बघितले. माझं म्हणणं अर्धवट होतं, मान्य करतो. १४ टक्के पण कमी नाहीत हं.

आकडेमोड
अजिबात कमी नाहीत.

माझ्या पहिल्या उदाहरणात मी खर्च शून्य धरला होता तेही दुरुस्त करतो, कारण त्याने चित्र बदलतं. समजा क्लेमवर २० टक्के, त्यात क्लेम हाताळणारी टीपीए कंपनी, कमिशन, ऑफिस वगैरे. मग सुरुवातच ३८,४०० ने होते आणि क, ख, ग तिघेही पहिल्याच झटक्यात बाहेर. उरलेल्यांची सरासरी ५६,०००, त्यावर २० टक्के म्हणजे ६७,२००, आता घ पण बाहेर. मग फक्त च, रेट ८६,४००. मघाशी २०० वर थांबलेली गाडी १०० वर आली. त्यात भर म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, ग्रुपवर १८ टक्के आहेच. निरोगी माणसाला बाहेर जायला आणखी एक कारण.

मला यात सगळ्यात जास्त खटकतो तो ग गट. चोवीस हजारांचा खर्च आहे, छत्तीस हजार द्यायला तयार आहेत, विमा हवा आहे, आणि त्यांच्या परवडणाऱ्या भावात तो कुणी देत नाही.

नीलिमा_क
मग उपाय काय? कंपनीने पुन्हा सगळे पैसे भरायचे?

आकडेमोड
सगळे नकोत, पण कसे भरता याला महत्त्व आहे. माझ्याच ५०० जोडप्यांवर करून बघा, खर्च शून्य धरून.

कंपनीने प्रीमियमचा अर्धा वाटा उचलला तर कर्मचाऱ्याला १६,००० पडतात. क बाहेर, ख राहतो. चार गटांची सरासरी ३८,०००, अर्धे १९,०००, ख चं २४,००० पर्यंत चालतं. ४०० वर थांबलं.

कंपनीने जोडप्यामागे ठरलेले १०,००० दिले तर आधी २२,००० पडतात, क बाहेर. मग ३८ वजा १० म्हणजे २८,०००, ख बाहेर. मग ४५,३३३ वजा १० म्हणजे ३५,३३३, ग कसाबसा ३६,००० त बसतो. ३०० वर थांबलं. केतकीताईंच्या हार्वर्डमध्ये हेच झालं, वाटा टक्क्यातून ठरलेल्या रकमेवर आणला आणि चढत्या रेटचा सगळा बोजा माणसावर पडला.

दुसरं म्हणजे दार. नाव घालायचं ते जॉइन होताना किंवा ठरलेल्या खिडकीत, आणि एकदा काढलं की तीन वर्षं परत नाही. गुडघ्यापुरते येणारे त्याने थांबतात. को-पे, म्हणजे बिलाचा काही टक्के भाग आपणच भरायचा, बरेच जण सुचवतात, त्याने बिल फुगवणं कमी होतं, सदानंदरावांचा आजार तो. गळतीवर त्याचा उपयोग कमी.

विश्वास_अहिल्यानगर
वयाप्रमाणे रेट का लावत नाहीत? गाडीचं मॉडेल इयर बघूनच भाव लागतो की.

आकडेमोड
लावतात काही कंपन्या. ५० ते ६० एक रेट, पुढे चढता. तरुण आई-वडील टिकतात, सरासरी सावरते.

सदानंद_जोशी
आणि माझ्या ७८ वर्षांच्या आईचं काय? तिचा रेट लाखावर जाईल. मग ग्रुप कशाला म्हणायचं. जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच बाहेर काढायचं हा उपाय मला मान्य नाही.

विश्वास_अहिल्यानगर
पण काका, आत्ता मृण्मयीताईंचे आई-बाबा तो रेट भरतायत आणि निम्मे लोक पळून गेलेत. सगळे पळाले तर तुमच्या आईला ग्रुपच राहणार नाही.

सदानंद_जोशी
ते कळतं. तरी पटत नाही.

आकडेमोड
यावर आमच्या ऑफिसातही एकमत नाही. मी मधला मार्ग सुचवतो, दोन-तीनच वयोगट आणि वरच्या गटाचा वाढीव भाग कंपनीने उचलायचा. तो पैसा कोण देणार हा प्रश्न मात्र उरतोच.

मृण्मयी, तुमच्यापुरतं सांगतो. आधी दुसरी पॉलिसी हातात घ्या, मगच ही सोडा. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागा, ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचं क्रेडिट वेटिंग पिरियडमध्ये मिळतं. बाबांचं बीपी आहे म्हणून ते महत्त्वाचं. रिन्यूअलच्या बऱ्याच आधी अर्ज करा, आणि क्रेडिट मिळाल्याचं लेखी घ्या.

मृण्मयी_पुणे
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मायग्रेशनचा अर्ज आजच भरला, बाबांचा ईसीजी शनिवारी आहे.

आणि अर्ध्या वाट्याचं आणि तीन वर्षांच्या दाराचं गणित एका पानावर लिहून एचआर हेडना पाठवलं, सोबत ते २१ हजार आणि ४४ हजार. त्यांचा फोन आला, म्हणाल्या फायनान्सशी बोलते पण ज्यांनी आधीच सोडलंय त्यांना परत कसं आणायचं, ते तर आता बाहेरची पॉलिसी घेऊन बसलेत. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आकडेमोड, तुमच्या बघण्यात असा गळलेला ग्रुप परत भरलाय का कधी?

आकडेमोड
एकदा. कंपनीने पहिलं वर्ष ७० टक्के भरले, दुसरं ६०, मग ५०, आणि परत येणाऱ्यांना पहिल्या वर्षी ठरवून केलेल्या ऑपरेशनला कव्हर नाही अशी अट घातली. साधारण दोन तृतीयांश लोक आले. बाकीचे आलेच नाहीत. तुमच्या एचआर हेडना ब्रोकरकडून असं कोटेशन मागवायला सांगा, २५० परत आले तर रेट किती आणि १०० आले तर किती, दोन्ही वेगवेगळे.